कड्यावरचे दोन बिंदू आणि मल्टिमीटरचे २.१ ओहम

प्रश्न: १२ ओहम रोधाच्या एकसारख्या तारेचे वर्तुळाकार कडे केले आहे. केंद्राशी ६० अंशांचा कोन करणाऱ्या दोन बिंदूंमधला रोध काढायचा आहे. ६० अंश म्हणजे वर्तुळाचा सहावा भाग, म्हणून मी २ ओहम लिहिले. उत्तरसूचीत १.६७ आहे. खात्री करायला प्रयोगशाळेत तसेच कडे करून मल्टिमीटर लावला, तर २.१ आले. मग चूक कोणाची, माझी की उत्तरसूचीची? (बारावी विज्ञान, सोलापूर)

उत्तर:

उत्तरसूची बरोबर आहे आणि तुमचे २ ओहम चुकले आहेत, तरीही तुमचा मल्टिमीटर खोटे बोलला असे मी म्हणणार नाही. तुमची खरी अडचण सूत्राची नसून योगायोगाची आहे. कागदावर एक वाट मोजायची राहिली म्हणून उत्तर थोडे जास्त आले, प्रयोगात भलताच एक रोध मोजला गेला म्हणून तेही जवळपास तेवढेच जास्त आले, आणि दोन चुका एकमेकींच्या साक्षीला उभ्या राहिल्या. सोलापुरातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवताना आणि तिथली प्रयोगशाळा सांभाळताना मी हे कडे पंचवीसहून अधिक वर्षे विद्यार्थ्यांच्या हाती दिले आहे. नेमका हाच २ ओहमचा आकडा, नेमक्या याच आत्मविश्वासाने, जवळजवळ दरवर्षी माझ्यासमोर आला. म्हणून कागदावरची चूक आधी आणि टेबलावरची नंतर, अशी दोन्ही वेगवेगळी पाहू.

आमच्याकडचे कडे मी घड्याळासारखे केले होते, आणि पुढचे सगळे गणित त्याच्यावरच केले तर सोपे जाईल. प्लायवूडच्या फळीवर साधारण १९ सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ आखून त्यावर दर ३० अंशांवर एक, असे १२ पितळी स्क्रू बसवले होते आणि २८ गेजची १.२ मीटर नायक्रोमची तार त्यांच्या वॉशरखाली दाबत पूर्ण फेरा मारला होता. या जाडीच्या नायक्रोमचा रोध मीटरला सुमारे १० ओहम असतो, त्यामुळे संपूर्ण कड्याचा रोध १२ ओहम आणि एका स्क्रूपासून शेजारच्या स्क्रूपर्यंतच्या १० सेंटिमीटर तुकड्याचा रोध १ ओहम. घड्याळाच्या भाषेत बोलायचे तर एका तासाला एक ओहम. तुमचा ६० अंशांचा कोन म्हणजे दोन तासांचे अंतर, समजा १२ आणि २ या स्क्रूंमधले.

आता १२ च्या स्क्रूला घटाचे एक टोक आणि २ च्या स्क्रूला दुसरे टोक जोडले, तर १२ च्या स्क्रूपाशी आलेल्या विद्युतधारेपुढे दोन वाटा असतात. एक वाट १२ वरून १ मार्गे २ पर्यंतची, म्हणजे लघुकंसाची. तिचा रोध २ ओहम. दुसरी वाट उलट दिशेने ११, १०, ९ असे करत ३ वरून २ पर्यंत येणारी, म्हणजे विशालकंसाची. तिचा रोध १० ओहम. विद्यार्थ्याचे लक्ष कोनाकडे असते आणि कोनाची खूण आकृतीत लघुकंसाच्या बाजूला काढलेली असते, त्यामुळे डोळ्यांना तेवढीच वाट दिसते. विद्युतधारेला मात्र कोनाची खूण दिसत नाही. दोन्ही वाटांची सुरुवात एकाच बिंदूवर आणि शेवट एकाच बिंदूवर, म्हणून दोन्हींच्या टोकांमधले विभवांतर एकच, आणि विभवांतर एकच असणे हीच समांतर जोडणीची खूण. तेव्हा २ आणि १० ओहम समांतर जोडणीत आहेत: गुणाकार २०, बेरीज १२, आणि भागाकार १.६७ ओहम.

हे विद्युतधारेच्या अंगाने पडताळून पाहिले की जास्त पटते. दोन्ही स्क्रूंमध्ये बरोबर १.५ व्होल्ट विभवांतर आहे असे धरू. लघुकंसातून १.५ भागिले २, म्हणजे ०.७५ अँपिअर जाईल, विशालकंसातून १.५ भागिले १०, म्हणजे ०.१५ अँपिअर. घटातून एकूण ०.९० अँपिअर निघाले, आणि १.५ ला ०.९० ने भागले की पुन्हा १.६७ येते. तुम्ही २ ओहम लिहिलेत तेव्हा हे ०.१५ अँपिअर हिशेबातून गळाले होते. ते लहान आहे हे खरे, पण शून्य नाही.

बेरीज १२ आली, ही गोष्ट सहज आलेली नाही. कोणतेही दोन बिंदू घेतले तरी दोन कंसांची बेरीज म्हणजे पूर्ण कडेच, त्यामुळे छेदात नेहमी कड्याचा एकूण रोध येतो. कड्याचा एकूण रोध R आणि केंद्रीय कोन θ असेल, तर लघुकंसाचा वाटा θ/2π आणि विशालकंसाचा वाटा (2π − θ)/2π, आणि त्यावरून पुस्तकातले सूत्र तयार होते:

R_AB = R · θ(2π − θ) / 4π²

कोन अंशांत ठेवायचा असेल तर 2π च्या जागी 360 आणि 4π² च्या जागी 360 चा वर्ग लिहावा. मधला कोणताही भाग बदलत नाही, कारण सूत्रात कोनाचे केवळ गुणोत्तर आहे. सरमिसळ मात्र चालत नाही. θ च्या जागी ६० आणि 2π च्या जागी ६.२८ घातलेल्या एका उत्तरपत्रिकेत मी उणे ९८० ओहम रोध पाहिला आहे, आणि त्या विद्यार्थ्याने त्याखाली शांतपणे दोन रेघा मारल्या होत्या. रोध उणे आला की कोनाचे एकक तपासावे, एवढी त्या उत्तराची शिकवण मी पुढच्या सगळ्या वर्गांना सांगत आलो.

हेच सूत्र थोडे वेगळे वाचले तर तुमची चूक किती मोठी होती तेही कळते. लघुकंसाचा रोध घ्यायचा आणि तो कंस पूर्ण वर्तुळाचा जितकावा भाग असेल तितकावा भाग त्याच रोधातून वजा करायचा, असे हे सूत्र सांगते. ६० अंश म्हणजे सहावा भाग. २ ओहमचा सहावा भाग ०.३३, वजा करून १.६७. याचा अर्थ, नुसता लघुकंस धरण्याची चूक ३० अंशांना बाराव्या भागाची, ६० अंशांना सहाव्या भागाची आणि १८० अंशांना थेट निम्मी असते. कोन अगदी लहान, समजा १० अंश असेल, तर ही चूक ३ टक्क्यांच्या आत राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. ६० अंश हा असा गैरसोयीचा कोन आहे की तिथे चूक दुर्लक्ष करण्याइतकी लहान नसते आणि डोळ्यांत भरण्याइतकी मोठीही नसते.

प्रश्नाच्या शब्दरचनेवर अवलंबून असलेली एक गोष्ट इथेच सांगतो. तुमच्या प्रश्नात १२ ओहम हा संपूर्ण तारेचा रोध आहे. काही प्रश्नांत तारेचा प्रति मीटर रोध आणि कड्याची त्रिज्या दिलेली असते. तेव्हा आधी परीघ काढून त्याला प्रति मीटर रोधाने गुणावे आणि मग पुढे जावे. अशा प्रश्नांत काही जण दोन बिंदूंमधली सरळ जीवा मोजून तिचा रोध काढतात. ६० अंशांची जीवा त्रिज्येएवढीच असते, त्यामुळे उत्तर दिसायला सुटसुटीत येते, पण त्या जीवेवर तारच नसते.

"एकसारखी तार" या शब्दांकडे मात्र जरा थांबून पाहायला हवे, कारण सूत्राचा सगळा भार त्यांच्यावर आहे. रोधाला कोन कळत नाही. त्याला तारेची लांबी, जाडी आणि धातू एवढेच कळते. तार सर्वत्र सारखी असेल तर रोध लांबीच्या प्रमाणात असतो, आणि कडे वर्तुळाकार असेल तर कंसाची लांबी कोनाच्या प्रमाणात असते. या दोन अटी पाळल्या गेल्या तरच कोनाला रोधाच्या जागी बसवता येते. काटेकोरपणे पाहिले तर माझे कडे वर्तुळ नव्हतेच, स्क्रूंमध्ये ताणलेल्या तारेमुळे तो बारा बाजूंचा बहुकोन झाला होता. तरी स्क्रूंवर घेतलेली उत्तरे सूत्राप्रमाणेच येत, कारण बाराही बाजू सारख्या होत्या आणि रोधाच्या वाटणीत काही बदल झाला नव्हता. उलट, एखादे कडे दाबून लंबगोल केले तर केंद्रापाशी कोन मोजून काही उपयोग होणार नाही. तिथे तारेवरून दोरा फिरवून लांबीच मोजावी लागेल.

आता टेबलाकडे वळू. तुमच्या २.१ ओहमला माझ्या अनुभवात तीन कारणे असू शकतात, आणि त्यांतले कोणते लागू आहे हे मला इथे बसून ठरवता येणार नाही. तुम्हाला मात्र दहा मिनिटांत ठरवता येईल.

सर्वांत संभाव्य कारण मल्टिमीटरच्या दोन वायरी. मीटर कडे वेगळे आणि वायरी वेगळ्या असा भेद करत नाही. त्याच्या दोन खाचांमध्ये जे काही आहे त्या सगळ्याचा रोध तो दाखवतो. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वापरलेल्या वायरी, त्यांच्या पिना आणि टोके मिळून ०.३ ते ०.५ ओहम सहज होतात. २०० ओहमच्या रेंजवर दोन्ही टोके एकमेकांना घट्ट टेकवून वाचन घ्या. तिथे ०.४ दिसले, तर २.१ मधून ०.४ गेल्यावर १.७ उरतात, आणि १.६७ ला एकाच दशांश स्थळापर्यंत दाखवणारा मीटर १.७ हेच दाखवणार.

एवढ्यावर तुम्ही समाधान मानू नये असे मला वाटते. त्या रेंजवर मीटर ०.१ ओहमपेक्षा बारीक वाचत नाही आणि साध्या मीटरचा शेवटचा अंक दोन-तीन घरे इकडे तिकडे होऊ शकतो. म्हणजे १.७ हे वाचन १.६७ ला अनुकूल असले तरी २ ला ठामपणे नाकारत नाही. जिथे दोन उत्तरांतला फरक ०.३३ ओहम आहे आणि मोजण्याची अनिश्चितता जवळपास तेवढीच आहे, तिथे मोजमापाला पंच नेमणेच चूक आहे. त्यापेक्षा दोन्ही विचार जिथे एकमेकांपासून दूर जातात अशी जागा शोधावी, आणि कड्यावर ती जागा समोरासमोर आहे.

तेव्हा एक टोक १२ वर ठेवून दुसरे ६ वर न्या, म्हणजे १८० अंशांवर. तुमच्या विचाराने तिथे अर्ध्या तारेचे ६ ओहम यायला हवेत. समांतर जोडणीच्या हिशेबाने ६ आणि ६ मिळून ३ ओहम, म्हणजे कड्याच्या रोधाचा चौथा भाग. वायरींचे ०.४ धरले तर एका बाजूला ६.४ आणि दुसऱ्या बाजूला ३.४. हा ३ ओहमचा फरक जत्रेतल्या मल्टिमीटरलाही चुकवता येणार नाही. शिवाय या जागेचा आणखी एक फायदा आहे. ६० अंशांवर क्रोकोडाइल क्लिप ५ मिलिमीटर सरकली तर उत्तर सुमारे ०.०३ ओहमने बदलते. १८० अंशांवर तीच क्लिप तेवढीच सरकली तरी बदल ०.०००२ ओहमच्या आसपास राहतो. कारण उघड आहे: समोरासमोरच्या जागेवर रोध आपल्या सर्वांत मोठ्या किमतीला पोहोचलेला असतो, आणि माथ्यावर उतार नसतो. बारकाईने पाहिले तर पाच तासांच्या अंतराला, म्हणजे १५० अंशांना, २.९२ ओहम येतात आणि सहा तासांना ३.००, शेवटच्या एका तासात ०.०८ ओहमचीच वाढ. पहिल्या तासाने मात्र एकट्याने ०.९२ ओहमची वाढ केलेली असते.

१८० अंशांवर ३.४ च्या ऐवजी खरोखरच ६.४ आले तर काय? तसेही होऊ शकते, आणि ते तुमच्या शंकेचे दुसरे कारण. त्याचा अर्थ तुमचे कडे बंदच झालेले नाही. तारेची दोन टोके जिथे जोडली तिथे सांधा तुटका आहे, म्हणजे कडे नसून वाकवलेली उघडी तार आहे, आणि उघड्या तारेत वाट एकच असते. अशा तारेवर ६० अंशांना वायरी धरून २.४ येतील, आणि तुटका सांधा लघुकंसातच असेल तर चक्क १०.४. या एका परिस्थितीत तुमचे २ ओहम बरोबर ठरतात, पण मग प्रश्नातले कडे ते हे नव्हे.

तिसरे कारण या दोन्हींच्या मधले आहे आणि त्याने मला स्वतःला एकदा चांगले पेचात पकडले होते. कडे नवीन केले तेव्हा मी तारेची दोन टोके १२ आणि १ या स्क्रूंच्या मध्ये पिळून जोडली होती. पहिल्या बॅचने १ आणि ३ या स्क्रूंवर मोजले. वायरींचा रोध वजा करून त्यांना १.७ मिळाले. दुसऱ्या बॅचने १२ आणि २ वर मोजले, त्यांना २.० मिळाले. कोन दोन्हीकडे ६० अंश, मीटर एकच, वायरी त्याच. मी आधी दुसऱ्या बॅचवर निष्काळजीपणाचा ठपका ठेवला, आणि तो ठपका मला दुसऱ्या दिवशी परत घ्यावा लागला. पिळलेल्या सांध्याचा स्वतःचा रोध ०.५ ओहमच्या आसपास झाला होता. पहिल्या बॅचच्या मोजणीत हा अर्धा ओहम १० ओहमच्या लांब वाटेत पडला होता. २ आणि १०.५ समांतर घेतले तर १.६८ येतात, म्हणजे कोणाला काही कळण्याचे कारणच नाही. दुसऱ्या बॅचच्या मोजणीत तोच अर्धा ओहम लघुकंसात पडला, २.५ आणि १० समांतर घेतले की बरोबर २.० येतात. सांधा कोणत्या वाटेवर पडतो यावर सगळे अवलंबून होते.

हा दोष ओळखायची रीत एकच: कोन तोच ठेवून जागा बदलायची. १२ आणि २, १ आणि ३, २ आणि ४ असे करत ६० अंशांची बाराही वाचने घ्यावीत. कडे निर्दोष असेल तर सर्व वाचने सारखी येतील. लागोपाठ दोन वाचने वर गेली आणि बाकीची दहा एका पातळीवर राहिली, तर त्या दोन्हींच्या लघुकंसांत सामाईक असलेल्या तुकड्यातच सांधा वाईट आहे. नायक्रोमवर साधे सोल्डर नीट धरत नाही, त्यावरचा ऑक्साइडचा थर त्याला चिकटू देत नाही. वरून चकाकणारा थेंब दिसतो आणि आत तार सुटीच असते. आमच्या सांध्याचा प्रश्न शेवटी शहराच्या पूर्व भागातल्या एका विद्यार्थ्याने सोडवला. त्याच्या घरी यंत्रमाग होते. मोटरच्या वायरिंगमधला स्क्रूचा पितळी कनेक्टर त्याने खिशातून आणला, तारेची टोके पॉलिश पेपरने घासली आणि कनेक्टरमध्ये दाबून आवळली. तो सांधा त्यानंतर अनेक वर्षे टिकला.

सांधा चांगला असूनही बारा वाचने वरखाली होत राहिली तर तारेवरच संशय घ्यावा. बाजारात शेगडीची स्प्रिंग स्वस्त मिळते म्हणून ती ओढून सरळ करण्याचा मोह होतो. मीही एकदा तसे केले आहे. ओढताना तार सगळीकडे सारखी ताणली जात नाही. एखादा भाग १ टक्का लांबला तर तो तेवढाच बारीकही होतो, आणि लांबी व जाडी दोन्हींचा परिणाम मिळून त्या भागाचा रोध सुमारे २ टक्क्यांनी वाढतो. काही ठिकाणी ताण याहून बराच जास्त पडतो आणि मग "एकसारखी" हा शब्द प्रश्नातच राहतो, तारेत उरत नाही. रिळावरची सरळ तार घ्यावी, थोडी महाग पडली तरी.

तांब्याच्या तारेचे कडे का करत नाहीत, असे मला अनेकदा विचारले गेले आहे. त्याच २८ गेजच्या तांब्याच्या १.२ मीटर कड्याचा एकूण रोध ०.२ ओहमपेक्षाही कमी भरतो, आणि त्याचा चौथा भाग मल्टिमीटरच्या वायरींपुढे दिसेनासा होतो. शिवाय तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला जवळजवळ ०.४ टक्क्यांनी वाढतो. आपल्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४२ अंशांवर असतो. २० अंशांना मोजलेले तांब्याचे कडे त्या दुपारी साडेआठ टक्के जास्त रोध दाखवेल. नायक्रोमच्या बाबतीत हीच वाढ अर्ध्या टक्क्याच्याही आत राहते, म्हणून आमच्या उकाड्यात तेच बरे.

तुम्हाला १.६७ हा आकडा दुसऱ्या दशांश स्थळापर्यंत हवा असेल, तर मल्टिमीटर बाजूला ठेवून मीटर ब्रिज वापरा. डाव्या फटीत कड्याचे ६० अंशांवरचे दोन बिंदू जोडा आणि उजव्या फटीत रेझिस्टन्स बॉक्समधून २ ओहम घ्या. तुमचे उत्तर बरोबर असते तर दोन्ही बाजू सारख्या होऊन संतुलनबिंदू ५० सेंटिमीटरवर आला असता. १.६७ बरोबर असेल तर तो ४५.५ सेंटिमीटरच्या जवळ येईल, आणि साडेचार सेंटिमीटरचे अंतर गॅल्व्हानोमीटरचा काटा स्पष्टपणे दाखवतो. नंतर कडे आणि बॉक्स यांच्या फटी अदलाबदल करा, संतुलनबिंदू ५४.५ च्या जवळ जायला हवा. दोन्ही वेळच्या उत्तरांची सरासरी घेतली की पट्टीच्या टोकांवरच्या जोडांमुळे येणारा दोष बराचसा निघून जातो. ब्रिजपासून कड्यापर्यंतच्या जोडवायरी मात्र जाड आणि आखूड असाव्यात, कारण त्यांचा रोध इथेही कड्याच्या रोधात मिसळतोच. किल्ली जॉकी टेकवण्यापुरतीच दाबा; लघुकंसातून विद्युतधारा सतत वाहू दिली तर तेवढाच भाग तापतो, आणि तापलेल्या तुकड्याचे कडे एकसारखे राहत नाही. जॉकी तारेवरून घासत नेऊ नका, उचलून टेकवा, नाहीतर तुमच्यानंतरच्या बॅचला ब्रिजची तारही एकसारखी मिळणार नाही.

ही सगळी खटपट करण्याआधी समोरासमोरच्या दोन स्क्रूंवरचे ते एक वाचन घ्या आणि इथे लिहा. ३.४ च्या आसपास आले तर तुमचे कडे बंद आहे आणि २.१ मधला जास्तीचा भाग बहुधा वायरींचा आहे. ६ च्या वर गेले तर मीटर ब्रिज काढायची घाई करू नका. आधी सांधा उघडून टोके घासा.